गोचीड पेस्ट कंट्रोल, सात महिन्यांनंतर: पैसे कुठे वाया गेले आणि कशाने फरक पडला

आमचं घर नेरुळला, तळमजल्यावर, जुनं सिडकोचं बांधकाम. भिंतींना ओल आणि चिरा भरपूर. जूनमध्ये चिकूच्या (आमचा कुत्रा, १४ किलो) कानामागे गोचिडी सापडल्या आणि दोनच दिवसांत हॉलच्या भिंतीवरही चढताना दिसल्या. १८०० रुपये देऊन पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, 'तीन महिन्यांची गॅरंटी' लिहून घेतली. घरात खायला मिळालं नाही की गोचिडी मरतील, या हिशोबाने चिकूला डोंबिवलीला मावशीकडे पाठवलं.

सोळा दिवसांनी खिडकीच्या पडद्यावर राईहून बारीक, तपकिरी ठिपके सरकताना दिसले. कंपनीला फोन केला तर म्हणे, "कुत्र्याने बाहेरून आणल्या असतील, गॅरंटीत बसत नाही." कुत्रा तर घरात नव्हताच! मी ते ठिपके सेलोटेपवर चिकटवले आणि मोबाइलने झूम करून पाय मोजले. सहा. गोचिडीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला सहा पाय असतात. रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. म्हणजे अंडी माझ्याच घरात फुटली होती. फोटो पाठवले, तरी पुन्हा कोणी आलं नाही. तेव्हा मी त्यांना एक स्टार दिला होता.

तो राग अजून आहे, पण औषधाबद्दलचं माझं मत नंतर बदललं. त्यांनी स्प्रे मारला तो जमिनीवर आणि स्कर्टिंगला. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड मात्र रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि मग वर चढते. भिंतीची चीर, चौकटीची फट, पडद्याची वरची दुमड अशा ठिकाणी हजारो अंडी घालते आणि मरते. स्प्रेने अंडी मरतील असं धरून चालू नये.

पडद्याच्या त्या वरच्या दुमडीबद्दल मी घरच्यांना इतकं ऐकवलंय की ते कंटाळलेत, पण खरा अड्डा तिथेच होता. रॉड काढला आणि दुमड उलटी केली, तर शिवणीत खसखशीच्या चिकट ढेकळासारखा तपकिरी गोळा. रॉडच्या क्लॅम्पमागे प्लास्टर सुटलं होतं, तिथे दुसरा. पडदे साध्या गार पाण्यात धुऊन भागत नाही, गोचीड त्यातून जिवंत निघते. मी जागच्या जागी पिशवीत भरले, मशीनच्या ६० अंशांच्या प्रोग्रॅमवर धुतले आणि लाँड्रीवाल्याकडे ड्रायरमध्ये कडक वाळवून घेतले.

सगळ्यात मोठी चूक चिकूला पाठवण्याची. मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षभरही काढू शकते, तिला उपाशी मारायला मी किती दिवस कुत्रा लांब ठेवणार? डॉक्टर म्हणाले, "त्याला परत आणा. औषध दिलेला कुत्रा हाच तुमचा सापळा." वजनानुसार फ्लुरॅलानरची गोळी दिली. गोचीड चावते, रक्तातून औषध तिच्यात जातं आणि अंडी घालण्याआधीच ती मरते. असर १२ आठवडे. गोळी १८०० पेक्षा थोडी महागच पडली, पण पहिला खर्च हाच करायला हवा होता. कुत्र्याला फिट येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

जुलैत दुसऱ्या माणसाकडून स्प्रे करून घेतला, मी शेजारी उभी राहून: चिरांच्या आत, चौकटींच्या वर, क्लॅम्पमागे, छताच्या कडेला. तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण मधल्या काळात उरलेली अंडी फुटतात. दोन्ही वेळा भिंत पूर्ण सुकेपर्यंत चिकू बाहेर. घरात मांजर असेल तर स्प्रेवाल्याला ते आधी सांगा, अशा स्प्रेंमध्ये वापरलं जाणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असतं.

या दोन स्प्रेंच्या आधी आणि नंतर दर दोन दिवसांनी व्हॅक्यूमच्या चपट्या नोझलने प्रत्येक चीर ओढली. कचरा लगेच पिशवीत घट्ट बांधून बाहेर, नाहीतर आत ओढलेल्या परत चालत येतात. सप्टेंबरमध्ये चिरा व्हाइट सिमेंटने बुजवल्या. दिसलेली प्रत्येक गोचीड सेलोटेपवर चिकटवून वहीत आकडा लिहीत गेले, बोटाने एकही चिरडली नाही.

जुलैचा पहिला आठवडा: ६१. ऑगस्टच्या मध्यावर १७. दुसऱ्या गोळीनंतर, ऑक्टोबरमध्ये अख्ख्या महिन्यात २, दोन्ही मोठ्या आणि चपट्या, म्हणजे उपाशी. त्यानंतर शून्य. तिसरी गोळी डिसेंबरमध्ये दिली, चौथी मार्चमध्ये देणार, कारण उपाशी राहिलेली एखादी अजून कुठल्या फटीत असू शकते. पडद्यांची वरची दुमड उसवून टाकलीय, आता नुसत्या कड्या लावल्यात.