गॅस स्प्रिंग की खांब? दोन स्क्रीनसाठी मॉनिटर आर्म निवडताना

मॉनिटर आर्म घ्यायचं नक्की झालं की प्रश्न उरतो तो गॅस स्प्रिंगचा घ्यायचा की खांबाचा. मी दोन्ही वापरले आहेत, आणि दोन्हींवर सत्तावीस इंची दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावून काम केलं आहे. टेबल मोकळं होतं, मान अवघडत नाही वगैरे फायदे सोडून देतो. ते पटल्यामुळेच तुम्ही इथवर आलात.

खांबाचा आर्म म्हणजे टेबलाच्या कडेला आवळलेला उभा पाइप, त्यावर एक कॉलर आणि कॉलरवर टेकलेले आडवे हात. कॉलर जिथे आवळाल ती उंची. गॅस स्प्रिंगच्या आर्ममध्ये वरच्या हाताच्या पोटात दाबाखालचा नायट्रोजन भरलेली नळी असते. ती स्क्रीनचा भार तोलून धरते, म्हणून एका बोटाने स्क्रीन वरखाली होते. नुसता हात लावून बघायचा असेल तर गॅसवालाच मन जिंकतो, यात वाद नाही.

वजनाचा आकडा मात्र दोन्हींत वेगळ्या नजरेने वाचायचा असतो. खांबावर फक्त वरची मर्यादा महत्त्वाची. हात ८ किलोचा असेल तर त्यावर ३ किलोची स्क्रीन लावली काय आणि ७ किलोची लावली काय, त्याला फरक पडत नाही. गॅसच्या आर्मवर '२ ते ९ किलो' असं लिहिलेलं असतं आणि त्यातला २ हा आकडा ९ इतकाच खरा असतो. नळी सतत वर ढकलत असते. अ‍ॅलन कीने जो स्क्रू आपण फिरवतो, त्याने गॅसचा दाब बदलत नाही. नळीचं टोक आतल्या आत सरकतं आणि तिला मिळणारी तरफ कमीजास्त होते. स्क्रू पार सैल केला तरी थोडा जोर शिल्लक राहतोच. स्क्रीन त्याहून हलकी असेल तर सोडली की हळूहळू वर जाते, आणि कितीही फिरवाफिरवी केली तरी थांबत नाही. मर्यादेच्या अगदी कडेला असलेली स्क्रीन मधल्या उंचीवर बरी राहते, पण वरच्या किंवा खालच्या टोकाला सरकू लागते. माझ्या मते २ ते ९ च्या आर्मवर साधारण ४ ते ७ किलोची स्क्रीन निवांत बसते. कडेचे आकडे कागदापुरते धरावेत.

हे वजन स्टँड काढून धरायचं. माझ्या स्क्रीनच्या माहितीपत्रकात दोन आकडे आहेत: स्टँडसह ६.३ किलो आणि स्टँडशिवाय ४.२ किलो. पहिला आकडा धरला असता तर उगाच वरच्या क्षमतेचा आर्म घेतला गेला असता, आणि गॅसच्या बाबतीत ते फुकट जाण्यापेक्षाही वाईट. माहितीपत्रकात एकच आकडा असेल तर स्टँड काढून स्क्रीन हातात घ्या, वजनकाट्यावर उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा. तेवढं अचूक पुरतं.

वक्र रुंद स्क्रीनवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. वजन मर्यादेत असूनही स्क्रीन पुढे मान टाकते, तेव्हा दोष स्प्रिंगचा नसतो. स्क्रीन ज्या प्लेटवर स्क्रूने बसते तिच्या मागे वरखाली कलण्याचा जो सांधा असतो, तो नुसत्या घर्षणावर थांबतो, आणि वक्र स्क्रीनचा भार त्याच्यापासून बराच पुढे येतो. ६.८ किलोचा भार ६ सेंटीमीटर पुढे असेल, तर सांध्यावरचा पीळ ४.२ किलोच्या आणि ४ सेंटीमीटर पुढे असलेल्या सपाट स्क्रीनच्या जवळपास अडीचपट होतो. हे दोन्ही प्रकारांना सारखंच लागू आहे. खांब घेतला म्हणून सुटका नाही.

वेसाच्या भोकांबद्दल, म्हणजे आर्मची प्लेट जिथे बसते त्या भोकांबद्दल, फारसं काही नाही. स्क्रीनच्या पाठीवर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ७५ किंवा १०० मिलिमीटर आलं, तर जवळपास कोणत्याही आर्मची प्लेट बसेल, कारण तिच्यावर दोन्ही चौकोन असतात. काही मोठ्या स्क्रीनवर २०० बाय १०० असतं. मग जोडपट्टी लागते, आणि ती स्क्रीनला आणखी पुढे ढकलते, म्हणजे वरचा पीळ आणखी वाढला.

खरा घोळ भोकं खोलात असतील तर होतो. माझ्या स्क्रीनची भोकं पाठीच्या पृष्ठभागापासून आत आहेत. स्टँडसाठी केलेला खळगा प्लेटपेक्षा लहान, त्यामुळे प्लेट कडांवरच टेकते आणि आतपर्यंत पोचत नाही. अशा वेळी मध्ये स्पेसर घालायचे आणि स्क्रू लांब घ्यायचे. पण किती लांब? आधी एक स्क्रू प्लेटशिवाय, नुसत्या बोटांनी भोकात फिरवत जायचं. तो अडला की भोकाच्या तोंडाशी पेनाने खूण करायची आणि बाहेर काढून मोजायचं. माझ्याकडे आटे ९ मिलिमीटरपर्यंत होते, म्हणून ७ मिलिमीटर आत जाऊ द्यायचे ठरवले. त्यात प्लेटची जाडी २.५ आणि स्पेसर १५ मिळवले की २४.५ येतात, म्हणजे एम४ जाडीचा २५ मिलिमीटर लांबीचा स्क्रू. आर्मसोबत येणारे छोटे स्क्रू इथे आट्यांना शिवतही नाहीत. ३० चा घेतला, तर तो तळाला टेकतो आणि प्लेट मात्र डुगडुगतच राहते. म्हणून अजून आवळावं, तर आतल्या भागांवर दाब येतो. स्क्रू अडलाय आणि प्लेट सैलच आहे असं दिसलं, की जोर लावू नका, लांबी बदला.

इथवर दोन्ही आर्म बरोबरीत म्हणायला हरकत नाही. पारडं माझ्यासाठी फिरलं ते दोन स्क्रीनच्या वरच्या कडांमुळे.

गॅसचा आर्म नीट तोलला की स्क्रीन जिथे सोडाल तिथे थांबते. ऐकायला छान, पण याचाच दुसरा अर्थ असा की तिला स्वतःची अशी उंची नसते. सांध्यांमध्ये थोडं घर्षण असतंच, त्यामुळे ती तीन मिलिमीटर वरही तितकीच सुखात असते आणि तीन मिलिमीटर खालीही. एकटी स्क्रीन असेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोन शेजारी असल्या की दिवसभर तेच दिसतं. खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीवर ओढली, की शीर्षकाची पट्टी मधल्या फटीशी पायरी घेते. कोणाला काही दाखवायला डावी स्क्रीन वळवली, की परत आणताना ती जराशी खाली येते. ती उचलावी तर थोडी जास्तच वर जाते. मग दोन्ही कडांवर बोट फिरवत बसायचं. मी तेच करत होतो, रोज, कॉल चालू असतानासुद्धा. दोन्ही आर्मचा ताण सारखा करून बघितला, सांधे जरा घट्ट करून बघितले. घट्ट केल्याने स्क्रीन कमी हलते, पण मग एका बोटाची ती मजाही जाते, ज्यासाठी आर्म घेतला होता. शिवाय गॅसचा दाब तापमानासोबत बदलतो, दहा अंशांना साधारण तीन टक्के. ४.२ किलोवर हे फार नाही आणि बरंचसं घर्षणात जिरतं. तरीही ऋतू बदलला की अ‍ॅलन की हातात यायचीच. हे माझं निरीक्षण, मापन नव्हे.

खांबावर उंची कॉलरला 'लक्षात' असते. स्क्रीन वळवा, ओढा, मागे ढकला, ती त्याच पातळीवर फिरते, आणि परत आणली की कडा जुळलेली असते. सुरुवातीला जुळवणी करावी लागते, हे खरं. हात पूर्ण पसरला की सांध्यातल्या सैलपणामुळे टोक किंचित झुकतं, म्हणून स्क्रीन नेहमीच्या जागी ठेवूनच पातळी लावायची. दोन वेगळ्या बनावटीच्या स्क्रीन असतील, तर पाठीवरची भोकं वेगवेगळ्या उंचीवर असतात. तेव्हा दोन्ही हात एका कॉलरवर बसवणारा खांब टाळावा, प्रत्येक हाताला स्वतंत्र कॉलर असलेला घ्यावा. एकदा बसलं की विषय संपतो.

गॅसची बाजूही सांगायला हवी. एकच स्क्रीन असेल, एकाच टेबलावर उंच आणि बुटकी माणसं आळीपाळीने बसत असतील, किंवा स्क्रीन रोज डोक्यावर उचलून खाली कागद पसरायचे असतील, तर खांब वैताग आणेल. त्याची उंची बदलायला एकाने स्क्रीन धरायची आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा. उभं राहून काम करण्यासाठी गॅस हवा, असंही काहीजण म्हणतात. टेबलच वरखाली होणारं असेल तर मला तो मुद्दा फारसा पटत नाही. टेबलासोबत खांबही वर जातोच.

बसवताना गॅसच्या आर्मचा ताण स्क्रीन लावून आणि हात आडवा ठेवून लावा. स्क्रीन खाली घसरली तर ताण वाढवा, वर गेली तर कमी करा. आणि स्क्रीन काढायची असेल तेव्हा आधी आर्म पार वर न्या. खालच्या स्थितीत स्क्रीन सुटली, तर मोकळा हात उसळून तोंडावर येऊ शकतो. खांबाला ही भीती नाही, त्याची काळजी वेगळी. दोन्ही स्क्रीनचा भार एकाच क्लॅम्पवर येतो, आणि हात पुढे ओढले की क्लॅम्प टेबलाची कड उचकटायला बघतो. काचेच्या टेबलावर तर लावूच नका. भुशाच्या फळीचं टेबल असेल, तर क्लॅम्पच्या वर आणि खाली लोखंडी पट्टी द्या. काही आठवड्यांनी फळी जराशी दबते आणि क्लॅम्प ढिला होतो, तेव्हा एकदा परत आवळावं लागतं. वायरी मात्र दोन्ही हात पूर्ण बाहेर ओढूनच बांधा.