गवती चहा झाकून ठेवायचा, ज्येष्ठमध उकळायचं

गवती चहा, पुदिना, तुळस यांचा वास आणि गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. पान नाजूक, त्यामुळे गरम पाण्यात ते तेल पटकन उतरतं. कपभर उकळतं पाणी पानांवर ओतायचं, लगेच झाकण ठेवायचं आणि पाच ते सात मिनिटांनी गाळायचं. आयुर्वेदात याला फांट म्हणतात. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपातच झटका, त्यात तेल असतं. हीच पानं वीस मिनिटं उघडी उकळलीत तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कप मात्र गवताच्या चवीचा होतो.

ज्येष्ठमधाची काडी, दालचिनी, सुंठ यांचं गणित उलटं. टणक मुळात आणि सालीत पाणी हळूहळू शिरतं, म्हणून काढा हवा. ठेचलेलं एक चमचा ज्येष्ठमध दोन कप पाण्यात मंद आचेवर पाऊण तासाच्या आत-बाहेर, पाणी निम्मं होईपर्यंत उकळा. इथे जोर दोन कारणांनी वाढतो: अर्क जास्त उतरतो आणि पाणीही आटतं. म्हणून हा कप फांटासारखा दिवसभर पिऊ नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी तर ज्येष्ठमध टाळावंच.

वेळ वाढवली की जोर वाढतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. पुढे कडू, तुरट द्रव्यं उतरत राहतात. फांट फिका लागला तर मिनिटं नाही, पानं वाढवा.

दोन्ही एकत्र हवेत? आधी सुंठ उकळा, गॅस बंद करा, मग तुळस टाकून झाका.