स्वादुपिंडाची एन्झाइम: आवरणाची कॅप्सूल घ्यावी की साधी गोळी?

स्वादुपिंड जुन्या सुजेने निकामी झालं, किंवा शस्त्रक्रियेत त्याचा मोठा भाग काढावा लागला, की चरबी पचवणारं लायपेज, प्रथिनं पचवणारं प्रोटीएज आणि स्टार्च पचवणारं अमायलेज ही तिन्ही एन्झाइम बाहेरून घ्यावी लागतात. बाजारातली बहुतेक औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात आणि त्यात तिन्ही एकत्रच असतात. पण पाकिटावर ठळक छापलेला आकडा, म्हणजे १०,००० किंवा २५,००० युनिट, लायपेजचा असतो.

असं का? स्टार्च फोडायला लाळेतलं अमायलेज थोडंफार मदतीला येतं, प्रथिनांवर जठरातलं पेप्सिन काम करतं. चरबीसाठी मात्र असा भक्कम पर्याय शरीराकडे नाही. शिवाय तिघांत लायपेज सगळ्यात नाजूक. आम्लता साधारण पीएच ४ च्या खाली गेली की ते कायमचं निकामी होतं, आणि जठरातला पीएच त्याहून बराच खाली असू शकतो. म्हणून निवडीचा खरा प्रश्न एकच: लायपेजला जठरातून जिवंत पार कसं करायचं?

आवरणाच्या कॅप्सूलचा मार्ग असा. वरचं जिलेटिनचं कवच पोटात विरघळतं आणि आतले बारीक दाणे अन्नात मिसळतात. प्रत्येक दाण्यावर आम्लाला न जुमानणारं आवरण असतं. पीएच ५.५ च्या आसपास पोचला की ते सुटतं, म्हणजे लहान आतड्यात, अन्नाच्या सोबतीनेच. दाणे दोनेक मिलिमीटरपेक्षा लहान ठेवतात ते यासाठीच; मोठे दाणे पोटात मागे रेंगाळतात आणि अन्न पुढे निघून जातं.

साध्या गोळीला आवरण नसतं. ती लगेच काम सुरू करते, पण आम्लापुढे उघडी पडते. म्हणून तिच्याबरोबर आम्ल कमी करणारं औषध घ्यावंच लागतं, ते विसरून चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: जठर शाबूत असेल तर सुरुवात कॅप्सूलनेच करावी. साध्या गोळीचा विचार जठर काढलेल्या रुग्णात होऊ शकतो, कारण तिथे आम्लही उरलेलं नसतं आणि दाणे अन्नात नीट मिसळतील याचीही खात्री नसते. तो निर्णय अर्थात डॉक्टरांसोबतच.

कॅप्सूलचीही एक अडचण आहे, आणि ती फार कमी जणांना सांगितली जाते. निरोगी स्वादुपिंड एन्झाइमबरोबर बायकार्बोनेटही सोडतं, त्याने आतड्यातलं आम्ल शमतं. ग्रंथी थकली की तेही आटतं. मग आतड्याच्या सुरुवातीला आम्लता टिकून राहते, आवरण उशिरा सुटतं आणि चरबी न पचताच पुढे सरकते. अशा वेळी कॅप्सूलसोबतही आम्ल कमी करणारं औषध दिलं जातं.

माझ्या वडिलांचं उदाहरण सांगतो. वजन ६० किलो, २५,००० युनिटची एक कॅप्सूल, तीही जेवण झाल्यावर. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, दुर्गंधीचं. वजन उतरतच होतं. औषध लागू पडत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी औषध बदललं नाही, वेळ आणि मात्रा बदलली: पहिल्या घासाबरोबर एक, जेवण निम्मं झाल्यावर दुसरी, मधल्या खाण्याला एक. मोठ्यांना सुरुवातीला जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट आणि हलक्या खाण्याला त्याच्या निम्मे, असा हिशोब असतो. पहिल्या काही दिवसांतच तेलकटपणा कमी झाला, वजन सावरायला मात्र बराच वेळ लागला.

मात्रा वाढवायलाही मर्यादा आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्ये फार मोठ्या मात्रांनंतर मोठ्या आतड्याची भिंत जाड होऊन आतडं अरुंद झाल्याचं दिसलं होतं. त्यातून एका जेवणाला किलोमागे २,५०० आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिट ही हद्द आली. वडिलांच्या वजनाला ती जेवणाला दीड लाख होते, म्हणजे आम्ही हद्दीच्या बरेच अलीकडे होतो.

कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून दाणे आंबटसर फळाच्या मऊ गरावर टाकून लगेच गिळावेत. दुधात किंवा गरम पदार्थात नकोत, आवरण आधीच सुटतं. चावायचे तर मुळीच नाहीत. दाणे तोंडात अडकले तर एन्झाइम तोंडाचं आतलं नाजूक अस्तर सोलतं आणि फोड येतात.

औषध चालतंय का हे पाहायला शौचातली इलॅस्टेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची तपासणी पुन्हा करू नका. ती फक्त माणसाचं इलॅस्टेज मोजते, त्यामुळे कॅप्सूलने तिचा आकडा हलत नाही. शौचाचं रूप, वजन आणि रक्तातली अ, ड, ई जीवनसत्त्वं पाहा. मधुमेह असेल तर रक्तातली साखरही पाहा, कारण अन्न नीट पचू लागलं की इन्सुलिनची गरज बदलू शकते.