भिंतीला इंजेक्शन, कॉलमला पुट्टी

माझ्या मामांना एका कॉन्ट्रॅक्टरने व्हॉट्सअॅपवरच्या तीन फोटोंच्या जोरावर अडुसष्ट हजारांना गंडवलं. फोटोवरून तड्याचं निदान करून देणारे हल्ली बरेच झालेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मामांचा फ्लॅट डोंबिवलीत. इमारत तीसेक वर्षांची, कॉलम-बीमचा आरसीसी सांगाडा आणि मध्ये विटांच्या भिंती. हॉलमध्ये छताखाली बीमला लागून एक आडवा तडा सरळ रेषेत गेला होता. मामांनी त्याचे दोन फोटो पाठवले, आणि जाता जाता बाल्कनीतल्या कॉलमवरच्या उभ्या बारीक भेगेचाही एक. तासाभरात उत्तर आलं: "काका, हॉलचा क्रॅक स्ट्रक्चरल आहे, बीम सुटतोय. इपॉक्सी इंजेक्शन लगेच करावं लागेल. बाल्कनीचं काही नाही, प्लास्टर आहे, पुट्टी मारून देतो."

निदान नेमकं उलटं होतं.

काम झालं, रंग झाला. पावसाळा संपता संपता बाल्कनीतल्या पुट्टीवर तांबूस डाग उमटला आणि भेग पुन्हा उघडली. तेव्हा सोसायटीच्या ओळखीने एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी आले. त्यांनी हॉलमधल्या तड्याजवळचं थोडं प्लास्टर काढलं. आत बीमचं काँक्रीट जिथे संपतं आणि विटा जिथे सुरू होतात, बरोबर तिथूनच तडा गेला होता. वीट आणि काँक्रीट ऊनपावसात वेगवेगळं हलतात, शिवाय बीम किंचित वाकतो, त्यामुळे हा सांधा उघडतो. रुंदी सगळीकडे सारखी, मिलिमीटरभरसुद्धा नाही, आणि बीममध्ये स्वतःत भेग नाही. अशा सांध्यावर जाळी मारून प्लास्टर केलं की भागतं. इपॉक्सी इंजेक्शन असतं काँक्रीटमधल्या भेगेसाठी, तेही ती भेग हलायची थांबली असेल तर. विटांच्या सांध्यात ते भरणं म्हणजे पैसे ओतणं.

मग ते कॉलमकडे वळले. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले, तर भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पोकळ आवाज. ढलपी हाताने निघाली. आत सळईला गंजाचे पापुद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो, आणि म्हणूनच भेग उभी, सळईच्याच रेषेत येते. वरून पुट्टी लावली तरी आतला गंज चालूच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आता तिथे टेकू देऊन सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून गंजरोधक लेप द्यायचा, जास्त झिजली असेल तिथे नवी जोडायची आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरायचं, असं ठरलंय. कॉलम वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा, म्हणून खर्च सोसायटीचा. (सभेत यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.)

मी त्यांना सरळ विचारलं, फोटोवरून काहीच कळत नाही का? म्हणाले, एवढं कळतं की घरी यायला हवं की नाही. त्यासाठी एक फोटो लांबून हवा, म्हणजे तडा भिंतीत आहे, बीममध्ये की कॉलममध्ये ते दिसेल. दुसरा जवळून, पट्टी टेकवून. आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूचा तिसरा. पोकळ आवाज मात्र फोटोत येत नाही, आणि तडा वाढतोय का हेही एका फोटोत येत नाही. त्यासाठी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची, किंवा त्यावर काचेची पट्टी आडवी पक्की चिकटवायची. काच तडकली तर तडा हलतोय.

त्यांच्या मते कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये भेग दिसली, भेगेतून तांबूस डाग आला, काँक्रीटची ढलपी पडली, तर रुंदी मोजत बसू नये, इंजिनिअर बोलवावा. भिंतीतला तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यांतून जात असेल, एका टोकाला जास्त रुंद असेल, पलीकडेही दिसत असेल, तर पाया खचत असण्याची शंका घ्यावी. त्यातच दारं-खिडक्या अडकू लागल्या किंवा रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे गेली तर थांबू नये. आणि कॉलममध्ये आडवी किंवा तिरपी भेग नव्याने दिसली, कॉलम फुगल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी फोन करून त्याच्या आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या कराव्यात. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसभर भेगा मात्र बहुधा सुकतानाच्या असतात. तिथे कुणी इंजेक्शन सुचवलं तर चहा पाजून परत पाठवावं.

तपासणारा आणि काम करणारा माणूस एकच नसावा, हेही त्यांनीच सांगितलं. मामांच्या इंजिनिअरने लेखी अहवाल दिला, फी घेतली आणि काम स्वतः घेतलं नाही.

कॉन्ट्रॅक्टरने दिलेलं पाच वर्षांचं गॅरंटी कार्ड आम्ही नंतर नीट वाचलं. त्यात फक्त रंगाचे पोपडे आणि हॉलमधली गळती होती. हॉलमध्ये गळती कधीच नव्हती. बिलावर मात्र 'स्ट्रक्चरल रिपेअर' लिहिलंय आणि त्याचा मेसेजही फोनमध्ये आहे. ते आणि इंजिनिअरचा अहवाल घेऊन मामा जिल्हा ग्राहक आयोगात जातायत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं.