आयात केलेलं व्हीएमसी, नऊ महिन्यांनंतर: स्पिंडलचा क्लेम आणि कंपनीचं वॉरंटीचं पत्र

मशीन चांगलं आहे, हे आधी सांगतो. कास्टिंग दणकट आहे, टूल चेंजर अडत नाही, रोजच्या जॉबला माप टिकतं. पण ते कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळेल. मला लिहायचंय ते मशीनबरोबर आलेल्या वॉरंटीच्या पत्राबद्दल. सहाव्या महिन्यात स्पिंडलने आवाज द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्या चार पानी पत्रातलं जवळजवळ प्रत्येक कलम आमच्यावर लागू होऊन गेलं. असं मशीन मागवणाऱ्या वर्कशॉपवाल्याला याचा थेट उपयोग होईल.

पहिली गोष्ट मुदतीची. विक्रेता तोंडी 'एक वर्ष वॉरंटी' म्हणतो. पत्रात असं होतं: कमिशनिंगपासून 12 महिने किंवा माल जहाजावर चढल्यापासून 15 महिने, यातलं जे आधी संपेल ते. आमचं मशीन 10 जानेवारीला चढलं. प्रवास, कस्टम्स, मग फाउंडेशन आणि वीजजोडणी होईपर्यंत कमिशनिंगला 20 मे उजाडला. म्हणजे कमिशनिंगच्या हिशेबाने वॉरंटी पुढच्या 20 मेपर्यंत, पण जहाजाच्या हिशेबाने 10 एप्रिललाच संपते. चाळीस दिवस मशीन सुरू होण्याआधीच गेले. म्हणून बिल ऑफ लेडिंगवरची तारीख आणि कमिशनिंग रिपोर्टवरची सहीची तारीख, दोन्ही मशीनच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवा. क्लेम करताना हीच दोन कागदपत्रं सगळ्यात आधी मागतात.

आता स्पिंडल. खालच्या आरपीएमला काही नाही, पण 8000 च्या वर गेलं की बारीक शिट्टीसारखा आवाज. नाकाजवळ हात लावला तर नेहमीपेक्षा गरम. ॲल्युमिनियमच्या जॉबवर बारीक लाटा दिसू लागल्या. पत्रात लिहिलं होतं की दोष लक्षात आल्यापासून 7 दिवसांत लेखी कळवा, मशीन त्याच अवस्थेत थांबवा आणि सील असलेलं कुठलंही युनिट कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नका. आमच्या फोरमनच्या ओळखीचा स्पिंडल दुरुस्तीवाला तयार होता, दोन दिवसांत बेअरिंग्ज बदलून देतो म्हणाला. माणूस हुशार आहे, पण त्याने नट सैल केला असता तर क्लेम तिथेच संपला असता. उघडलेल्या स्पिंडलमध्ये बेअरिंग आधीच खराब होतं की बसवताना झालं, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

उघडायचं नाही, पण मोजायला हरकत नव्हती. पुढे सगळं त्या मोजमापांवरच उभं राहिलं, म्हणून इथे जरा थांबतो.

स्पिंडल गेला की कंपनीला पहिला संशय येतो तो ठोकरीचा: टूल वाइसला किंवा जॉबला धडकलं असणार. पत्रातल्या अपवादांमध्येही 'धडक, चुकीचा प्रोग्राम, अयोग्य टूल होल्डर' हेच सगळ्यात वर होतं. धडक झाली असेल तर तिच्या खुणा एकाच जागी राहत नाहीत. टेपरमध्ये टेस्ट बार लावून फिरवला तर रनआउट वाढलेला दिसतो. हेड हललेलं असेल तर टेबलाशी स्पिंडलचा काटकोन बिघडतो. आणि कंट्रोलरच्या अलार्म हिस्टरीत बहुधा ॲक्सिसच्या ओव्हरलोडची नोंद सापडते. आम्ही तिन्ही तपासलं. रनआउट नाकापाशी 4 मायक्रॉन आणि 300 मिलिमीटरवर 11. कमिशनिंग रिपोर्टमध्ये हेच आकडे 3 आणि 8 होते आणि कंपनीची मर्यादा 5 आणि 15. काटकोन होता तसाच. अलार्म हिस्टरीत ओव्हरलोड नाही. हिस्टरीची जागा मर्यादित असते, नवे अलार्म आले की जुने पुसले जातात, म्हणून मशीन थांबवल्याबरोबर ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. हे करायचं असतं हे पत्रात कुठेच नाही, पण तिसऱ्याच मेलमध्ये त्यांनी ती मागितली.

दुसरा संशय घाणीचा. स्पिंडलच्या नाकात कूलंट शिरू नये म्हणून आतून हवेचा दाब दिलेला असतो. ती हवा ओली असेल किंवा दाब कमी असेल, तर बेअरिंगमधलं ग्रीस पाण्याने दुधाळ होतं आणि गंज धरतो. पत्रात हवेचा दाब किमान 5 बार आणि ड्रायर सक्तीचा होता. मशीनच्या मागच्या फिल्टर-रेग्युलेटरचा गेज वाचता येईल असा फोटो आणि ड्रायरची सर्व्हिस नोंद जोडली. नोंदवही म्हणजे फार काही नको. तारीख, दाब, पाणी काढलं का, सही, एवढ्या चार रकान्यांवर काम झालं.

क्लेम फॉर्म, नेमप्लेटचा फोटो, आवाजाचा व्हिडिओ आणि वरचे आकडे पाठवल्यावर क्लेम नंबर आला. तो मिळाल्याशिवाय कुठलाही पार्ट परत पाठवायचा नाही. क्लेम नंबर म्हणजे क्लेम मंजूर, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही, तो फक्त तपासणीचा नंबर आहे. कंपनीने बदली स्पिंडल पाठवला, पण पूर्ण किमतीच्या बिलासह. जुना स्पिंडल 30 दिवसांत त्यांच्या कारखान्यात पोचला आणि तपासणीत दोष त्यांचा निघाला, तर बिल रद्द. नाहीतर ते आपण भरायचं. इंजिनिअर आला, स्पिंडल बदलला, जुना पेटीत बंद करून गेला.

तीन आठवड्यांनी तपासणी अहवाल आला: आतल्या रेसवर गोळ्यांच्या अंतराने खळगे, कारण धडक, क्लेम नामंजूर.

इथे घाईने मान्य करण्यासारखं काही नव्हतं. गोळ्यांच्या अंतराने खळगे दोन कारणांनी पडतात. एक, जोराचा धक्का, ज्याने गोळ्या रेसमध्ये रुततात. दुसरं, मशीन बंद असताना दीर्घकाळ बसणारी थरथर. जहाजात आणि ट्रकवर गोळ्या जागच्या जागी सूक्ष्म घासत राहतात, मधलं वंगण बाजूला सरकतं आणि तिथे झीज होते. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक खळग्याच्या तळाशी दिसतो. धक्क्याच्या खळग्यात धातू दबलेला असतो, म्हणून रेसच्या ग्राइंडिंगच्या मूळ रेषा तळाशी दिसत राहतात. थरथरीच्या खळग्यात धातू घासून गेलेला असतो, रेषा पुसलेल्या असतात आणि बऱ्याचदा लालसर तपकिरी भुकटी सापडते. बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या बिघाडाच्या पुस्तिकांमध्ये याचे फोटो असतात. त्यामुळे आम्ही एकच मागणी केली: खळग्याच्या तळाचा मोठा करून काढलेला फोटो पाठवा. सोबत रनआउट, काटकोन आणि अलार्म हिस्टरी पुन्हा जोडली.

फोटो आला. रेषा नव्हत्या, कडेला तपकिरी भुकटी होती. धडकेचा मुद्दा त्यांनी सोडला आणि दुसरं कलम पुढे केलं: वाहतुकीतलं नुकसान वॉरंटीत नाही, ते खरेदीदाराच्या विम्यातून घ्यावं. हे कलम खरंच पत्रात होतं. पण विम्याला पेटी आल्यावर ठरावीक दिवसांत कळवावं लागतं आणि हा दोष सहा महिन्यांनी बोलायला लागलेला. सुदैवाने मूळ करारात, पत्रात नव्हे, एक वाक्य होतं की समुद्रमार्गाला साजेसं पॅकिंग करणं ही उत्पादकाची जबाबदारी. पेटीवर धक्का बसला की लाल होणारी स्टिकर्स होती. उतरवताना आम्ही चारही बाजूंचे फोटो काढलेले, स्टिकर्स पांढरीच होती. म्हणजे पेटी आपटली नाही. प्रवासात जी नेहमीची थरथर असते तीच होती आणि ती सोसणारं पॅकिंग करून देणं त्यांचं काम. यावर दोन मेल झाले आणि त्यांनी बिल रद्द केलं.

पैसे तरीही लागले. पत्रात स्पष्ट होतं की वॉरंटीत फक्त पार्ट. इंजिनिअरचा प्रवास आणि राहणं, बदली पार्टवरची आयातीची ड्युटी, परतीचं भाडं, सगळं आमच्याकडे. फुकट पार्टच्या इन्व्हॉइसवरही कस्टम्ससाठी किंमत लिहिलेली असते आणि आकारणी त्या किमतीवर होते. जुना पार्ट परत पाठवताना त्याचा सीरियल नंबर, 'सदोष, तपासणीसाठी परत' ही नोंद आणि मूळ आयातीचे कागद एकत्र असले तर क्लिअरिंग एजंटचं काम पुष्कळ सोपं होतं. पेटी बंद करण्याआधी त्याच्याशी बोला, नंतर नाही. मशीन बंद राहिल्याने बुडालेलं काम कुणीच भरून देत नाही. पत्रातलं सगळ्यात ठाम कलम तेच आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा खरेदीच्या वेळीच, बदली पार्ट किती दिवसांत निघेल, हे लिहून घेण्यावर जोर द्या.

वायपर, फिल्टर, बेल्ट, एन्कोडरच्या बॅटऱ्या हे झिजणारे पार्ट म्हणून वगळलेले आहेत, यात तक्रारीसारखं काही नाही. मात्र 'सील' हा शब्दही त्याच यादीत होता. स्पिंडलच्या आतलं सीलही त्यात धरायचं का, हे आम्ही आधीच मेलवर विचारलं आणि 'नाही, फक्त बाहेरचे' असं उत्तर लेखी घेतलं. तुमच्या पत्रात असा सैल शब्द असेल तर बिघाड होण्याआधी विचारा. बिघाडानंतर उत्तर वेगळं येऊ शकतं.

मशीनबद्दल माझं मत बदललेलं नाही, पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन. कंपनीच्या सर्व्हिस विभागाने पहिल्या फेरीत धडक म्हणून हात झटकले, हे मला आजही पटत नाही. पण पुरावा दाखवल्यावर त्यांनी ऐकलं, हेही खरं. बदललेल्या स्पिंडलला नवी वॉरंटी नाही, मूळ मुदतीचा उरलेला भागच लागू होतो. म्हणजे त्याचीही 10 एप्रिलच. मार्चच्या सुरुवातीला टेस्ट बार लावून रनआउट पुन्हा घेणार आहोत, स्पिंडल 8000 वर तासभर चालवून नाकाचं तापमान नोंदवणार आहोत आणि ते आकडे, काही बिघाड दिसो न दिसो, कंपनीला मेलने पाठवून पोच घेणार आहोत.