आठ महिने, दोन पुस्तकं आणि माझं अकाउंट्सचं टेबल

मी एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. गेल्या वर्षी साहेबांनी बिलं आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि माझी झोप उडाली. त्या काळजीत दोन इंग्रजी पुस्तकं मागवली.

पहिलं 'प्रेडिक्शन मशीन्स' (2018). अग्रवाल, गान्स आणि गोल्डफार्ब हे तिघं लेखक अर्थशास्त्रज्ञ, त्यामुळे तांत्रिक भाग फारसा नाही. त्यांचं म्हणणं असं की एआयमुळे अंदाज स्वस्त होतो. अंदाज म्हणजे भविष्यच असं नाही, हाताशी असलेल्या माहितीवरून नसलेली भरून काढणं. आणि अंदाज स्वस्त झाला की त्याच्या जोडीला लागणारं तारतम्य महाग होतं. म्हणून नोकरी जाईल का हे विचारण्याआधी तिचे तुकडे करून बघा. त्यांचं उदाहरण शाळेच्या बसचं आहे: गाडी आपोआप चालली, तरी आतल्या मुलांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागणारच.

मी पेन्सिल घेऊन माझ्या महिनाअखेरीचे तुकडे केले. सगळ्यात मोठा तुकडा खरेदीची नोंदवही जीएसटीआर-2बीशी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या जीएसटीच्या यादीशी, जुळवण्याचा. आमच्या वहीत बिल नंबर '23', सप्लायरने भरलेला 'INV/023'. दोन्ही एकच, हे ओळखणं म्हणजे अंदाज, आणि ते सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा लवकर ओळखतं. पण केटररचं बिल पैशापैशाने जुळलं, तरी त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मुळे सहसा घेता येत नाही. कँटीन कायद्याने सक्तीचं असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम मशीनला शिकवता येईल. जुन्या सप्लायरने रिटर्न भरलं नाही तर त्याचं पेमेंट अडवायचं की आधी फोन करायचा, हे मात्र त्याच्याशी असलेले संबंध बघून ठरतं.

दुसरं नारायणन आणि कपूर यांचं 'एआय स्नेक ऑइल' (2024). 2018च्या पुस्तकात चॅटजीपीटी असणं शक्यच नव्हतं, ती उणीव इथे भरून निघते. मजकूर तयार करणारं एआय आणि माणसांचं भविष्य वर्तवणारं एआय यांत ते स्पष्ट फरक करतात, आणि या दुसऱ्या प्रकाराबद्दलच्या दाव्यांवर त्यांचा जास्त रोख आहे. हे वाचल्यावर मी विक्रेत्याला म्हटलं, तुमची नमुन्याची बिलं नकोत, आमच्या मागच्या महिन्याची चालवून दाखवा. छापील बिलं छान वाचली. कार्बन कॉपीवर हाताने लिहिलेल्या बिलांत मात्र 1 आणि 7 ची गल्लत झाली. साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलंच, पण तपासणी माझ्याकडे ठेवून.

पहिल्या पुस्तकावर माझी तक्रार एकच. तुकडे करायला ते उत्तम शिकवतं, पण उरलेल्या तुकड्यांना माणसं किती लागतील, हे माझ्यासारख्याला त्यातून कळत नाही. जुळणीचे चार दिवस आता अर्ध्या दिवसावर आलेत. माझी खुर्ची शाबूत आहे, पण हाताखाली नवा मुलगा घ्यायचं साहेबांनी रद्द केलं. मी स्वतः ही जुळणी करत करतच सगळं शिकलो होतो.