क्रोमबुकवरची उडालेली फाइल आणि दोन वेगळे ट्रॅश: सात महिन्यांच्या वापरानंतर

क्रोमबुक घेतल्यावर पहिले काही महिने माझी पक्की समजूत होती की इथलं सगळं आपोआप गूगल ड्राइव्हवर जातं. ती चूक मला एका स्कॅन केलेल्या करारपत्रामुळे कळली.

३ मार्चला जागा मोकळी करताना मी डाउनलोड्समधल्या वीसेक फाइल एकदम उडवल्या आणि त्यात ते करारपत्रही गेलं. लक्षात आलं २८ मार्चला. मी ब्राउझरमध्ये ड्राइव्हचा ट्रॅश उघडून तासभर शोधत बसलो. नावाने शोधलं, तारखेने लावून पाहिलं, तरी काही नाही. फाइल तिथे नव्हतीच, कारण ती ड्राइव्हवर कधी गेलीच नव्हती.

डाउनलोड्स हे फोल्डर क्रोमबुकच्या स्वतःच्या स्टोरेजवर असतं. तिथून काही डिलीट केलं की ते फाइल्स ॲपच्या ट्रॅशमध्ये जातं. ॲप उघडलं की डावीकडच्या यादीत हा ट्रॅश दिसतो. ही सोय २०२३ च्या सुमारास आली, त्यामुळे सिस्टम जुनी असेल तर आधी अपडेट करावी. माझी फाइल तिथे शांतपणे पडून होती. ती निवडून रिस्टोअर केल्यावर डाउनलोड्समध्ये जागच्या जागी परत आली.

पण मी वाचलो ते थोडक्यात. हा ट्रॅश फाइल ३० दिवसच ठेवतो. ३ मार्चला उडवलेली फाइल २ एप्रिलच्या आसपास कायमची गेली असती, म्हणजे हातात जेमतेम पाच दिवस उरले होते. शिवाय ट्रॅशमधल्या फाइल डिस्कवर जागा धरूनच असतात, म्हणून जागा कमी पडली की माणूस हाच ट्रॅश आधी रिकामा करतो. मी आता तो रिकामा करण्याआधी उडवल्याच्या तारखेनुसार लावून एकदा नजर फिरवतो.

रिस्टोअर करताना एकदा अडलो होतो. फाइल डाउनलोड्समधल्या एका उपफोल्डरमध्ये होती आणि ते फोल्डर मीच नंतर उडवलेलं. परत जायला जागाच नसल्याने रिस्टोअर होईना. फाइल ट्रॅशमधून ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली आणि काम झालं. ट्रॅशमध्ये असताना फाइल उघडता येत नाही, तेव्हा हीच का ते पाहायचं असेल तर आधी बाहेर काढावी लागते.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावरची फाइल या ट्रॅशमध्ये जात नाही. डिलीट करताना येणारा प्रश्न नीट वाचावा. ट्रॅशमध्ये हलवण्याऐवजी कायमचं उडवण्याबद्दल विचारत असेल, तर तिथेच थांबावं.

आता ड्राइव्हच्या ट्रॅशबद्दल. तो फक्त ड्राइव्हवर असलेल्या फाइलचा. फाइल्स ॲपमध्ये डाउनलोड्समधून ड्राइव्हवर फाइल ओढली की तिची प्रत तयार होते, मूळ फाइल डाउनलोड्समध्येच राहते. म्हणून डाउनलोड्समधली उडवली तरी ड्राइव्हवरच्या प्रतीला धक्का लागत नाही, आणि ड्राइव्हवरची उडवली तर डाउनलोड्समधली शाबूत असते. मुदत मात्र तिथेही ३० दिवसच. १३ ऑक्टोबर २०२० पूर्वी ड्राइव्हचा ट्रॅश आपण रिकामा करेपर्यंत तसाच राहायचा, त्या सवयीने कुणी वर्षापूर्वीची फाइल शोधायला जाऊ नये. दुसऱ्याने शेअर केलेली फाइल आपण काढली तर ती फक्त आपल्या नजरेआड होते. मूळ फाइल मालकाकडे असते, त्याच्याकडून दुवा पुन्हा मागावा. ऑफिसचं खातं असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यावरही ॲडमिनला २५ दिवसांपर्यंत फाइल परत आणता येते, म्हणून लगेच सांगावं.

दोन्हीकडे काही नसेल तर मी ॲड्रेस बारमध्ये हे टाइप करतो:

```
chrome://downloads
```

इथे उडवलेल्या फाइलचीही नोंद दिसते, सोबत ती कुठून उतरवली होती तो पत्ता. पत्ता अजून चालू असेल तर ती पुन्हा उतरवता येते. जूनमध्ये एक फॉर्म मला असाच परत मिळाला. पण लॉगिन करून उतरवलेल्या कागदपत्रांचे दुवे बहुधा संपलेले असतात, तिथे साइटवर जाऊन नव्यानेच घ्यावं लागतं. ईमेलची अटॅचमेंट असेल तर तो मूळ मेल शोधणं सोपं.

याच्यापुढे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक वापरकर्त्याचा डेटा क्रोमबुकवर एनक्रिप्ट केलेला असतो. आत शिरायला डेव्हलपर मोड चालू करायला गेलात, तर तो चालू होतानाच आतला सगळा डेटा पुसतो, म्हणजे उरलेल्या फाइलही जातात. पॉवरवॉश म्हणजे फॅक्टरी रीसेट केलं किंवा त्या मशीनवरून खातं काढलं, तर डाउनलोड्स आणि त्याचा ट्रॅश दोन्ही संपतात. गेस्ट मोडमध्ये उतरवलेलं तर बाहेर पडताच जातं.

आता करारपत्रं, पावत्या असं काही उतरवलं की ते मी लगेच ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ओढतो, तिथे उघडून पाहतो आणि मगच डाउनलोड्समधलं उडवतो.